मागच्या वर्षी तोटा, यंदा नफा : टक्के काढायचे कसे?

कंपन्यांचे निकाल एक्सेलमध्ये उतरवून घ्यायला तुम्ही नुकतीच सुरुवात केली असेल, तर पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न समोर येतो. विक्रीच्या ओळीत टक्के व्यवस्थित येतात. मग नफ्याची ओळ लागते, तेच सूत्र खाली ओढले जाते आणि एखाद्या कंपनीसमोर असे काही उमटते की आपले काहीतरी चुकले, असे वाटू लागते. कंपनी तोट्यातून नफ्यात आली आहे आणि शीट म्हणते, उणे २,७७१ टक्के.

हा आकडा मी मनाने लिहिलेला नाही. ‘इंडिगो’ विमानसेवा चालवणाऱ्या इंटरग्लोब एव्हिएशन कंपनीचा २०२२-२३ चा निव्वळ तोटा सुमारे ३०६ कोटी रुपये होता आणि २०२३-२४ चा निव्वळ नफा सुमारे ८,१७२ कोटी. नेहमीच्या सूत्रात हे दोन आकडे घालून पाहा, उत्तर उणे २,७७१ टक्केच येईल. हा लेखभर मी याच कंपनीची पाच वर्षे घेणार आहे. करोनाचा तडाखा, त्यातून सावरणे आणि मग भरभक्कम नफा, असे सगळे टप्पे तिच्या हिशेबात एकापाठोपाठ आले आहेत, त्यामुळे टक्केवारीची जवळजवळ प्रत्येक अडचण एकाच तक्त्यात दिसते.

| आर्थिक वर्ष | महसूल (कोटी रु.) | निव्वळ नफा / तोटा (कोटी रु.) |
|---|---|---|
| २०२०-२१ | १४,६४१ | -५,८०६ |
| २०२१-२२ | २५,९३१ | -६,१६२ |
| २०२२-२३ | ५४,४४६ | -३०६ |
| २०२३-२४ | ६८,९०४ | ८,१७२ |
| २०२४-२५ | ८०,८०३ | ७,२५८ |

आधी सूत्र काय विचारते ते पाहा

टक्केवारीतला बदल काढताना आपण नव्या आकड्यातून जुना वजा करतो, त्या फरकाला जुन्या आकड्याने भागतो आणि शंभराने गुणतो. म्हणजे खरा प्रश्न असा असतो : झालेला फरक हा मूळ आकड्याचा केवढा हिस्सा आहे? तक्त्यातली शेवटची दोन वर्षे घ्या. नफा ८,१७२ कोटींवरून ७,२५८ कोटींवर आला. फरक ९१४ कोटींचा. हा फरक ८,१७२ चा सुमारे ११.२ टक्के, म्हणून नफा ११.२ टक्क्यांनी घटला. इथे कुठेही अडचण नाही, कारण मूळ आकडा शून्याहून मोठा आहे आणि त्याचा ‘हिस्सा’ या शब्दाला अर्थ आहे.

मूळ आकडा शून्य असेल तर हिस्सा कशाचा काढणार? शून्याचे कितीही टक्के घेतले तरी शून्यच. आणि मूळ आकडा उणे असेल तर भागाकार होतो खरा, पण उत्तराचे चिन्ह उलटे होते. तोट्यातून नफा झाला की फरक अधिक, भाजक उणे, म्हणून उत्तर उणे. तोटा वाढला की फरक उणे, भाजकही उणे, म्हणून उत्तर अधिक. तक्त्याच्या पहिल्या दोन ओळी पाहा. तोटा ५,८०६ कोटींवरून ६,१६२ कोटींवर गेला आणि सूत्र सांगते, अधिक ६.१ टक्के. रकान्यात हिरव्या रंगाची सोय केली असेल तर वाढलेला तोटा चक्क हिरवा दिसतो.

यातली खरी जोखीम मोठ्या आकड्यांची नाही. उणे २,७७१ टक्के डोळ्यांत खुपतो, माणूस थांबतो आणि तपासतो. अधिक ६.१ टक्के कुणालाच खुपत नाही. तो तसाच अहवालात जातो.

म्हणून पहिला नियम एवढाच : नफ्याच्या ओळीत टक्के काढण्यापूर्वी जुन्या आकड्याचे चिन्ह पाहायचे. तो अधिक असेल तर पुढे जायचे. शून्य किंवा उणे असेल तर सूत्राला हात लावायचा नाही, आधी प्रकरण कोणते आहे ते ठरवायचे.

आकडे उतरवताना

चिन्ह पाहायचे म्हणजे ते शीटमध्ये बरोबर उतरलेले असायला हवे, आणि इथेच नवखी मंडळी फसतात. आपल्याकडच्या निकालपत्रकांत तोटा सहसा उणे चिन्हाने छापत नाहीत, कंसात छापतात. पीडीएफमधून रकाना उचलून शीटमध्ये चिकटवला की तीन गोष्टी होऊ शकतात. कंसातला आकडा आपोआप उणे होतो, हे उत्तम. तो मजकूर म्हणून बसतो, तेव्हा सूत्र अनेकदा त्रुटी दाखवते, हेही चालेल, निदान कळते तरी. तिसरी शक्यता वाईट : साफसफाई करताना कंस निघून जातात आणि तोटा नफा म्हणून उभा राहतो. मग शीट मुकाट्याने नेहमीसारखे टक्के काढून देते. चिकटवल्यानंतर मूळ पत्रकात कंस असलेला प्रत्येक आकडा शीटमध्ये उणे झाला आहे का, हे एकदा डोळ्यांनी पडताळून घ्या. लेबलही वाचा. काही ठिकाणी ओळीचे नावच ‘तोटा’ असते आणि आकडा अधिक लिहिलेला असतो.

दुसरे, मोकळी चौकट आणि शून्य यांत फरक करा. मागच्या वर्षीचा आकडा मिळालाच नाही आणि चौकट रिकामी सोडली, तर एक्सेल भागाकारात तिला शून्यच समजते आणि `#DIV/0!` दाखवते. खरोखरच शून्य असलेल्या ओळीतही तेच दिसते. ‘काही नव्हते’ आणि ‘माहीत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या शीटमध्येही वेगळ्याच दिसायला हव्यात.

दोन्ही वर्षी तोटा असेल तर

हे प्रकरण सगळ्यांत सोपे. दोन्ही आकडे तोट्याचे आहेत, तर चिन्ह बाजूला ठेवून तोटा हीच मोजायची वस्तू धरा. ५,८०६ कोटींचा तोटा ६,१६२ कोटींचा झाला, म्हणजे तोटा ६.१ टक्क्यांनी वाढला. पुढच्या वर्षी ६,१६२ कोटींचा ३०६ कोटींवर आला, म्हणजे तोटा ९५ टक्क्यांनी घटला. दोन्ही विधाने अचूक आहेत आणि वाचणाऱ्याला लगेच कळतात.

अट एकच. ‘तोटा’ हा शब्द आणि ‘वाढला’ किंवा ‘घटला’ हे क्रियापद आकड्यासोबतच राहायला हवे. टक्क्याचा आकडा एकटा सोडला की तो कोणत्या दिशेचा, ते कळायला मार्ग उरत नाही. ‘नफ्यातील बदल’ असे शीर्षक असलेल्या रकान्यात नुसता ९५ लिहिणे चूक आणि उणे ९५ लिहिणे त्याहून चूक.

तोट्यातून नफा : इथे थांबायचे

आता मूळ प्रश्नाकडे. ३०६ कोटींच्या तोट्यावरून ८,१७२ कोटींच्या नफ्यावर. उणे २,७७१ चे चिन्ह चुकले आहे हे दिसतेच. त्यावर बहुतेक ठिकाणी एक उपाय सुचवला जातो : भाजकाचे चिन्ह काढून टाका.

```
=(C2-B2)/ABS(B2)
```

`ABS` म्हणजे चिन्ह सोडून उरलेला निव्वळ आकडा. त्यामुळे उत्तर अधिक २,७७१ टक्के येते, हिरवा रंग हिरव्या जागी बसतो आणि सगळे ठीक झाल्यासारखे वाटते. मी हे सूत्र वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नये असे मला मनापासून वाटते. ते दिशा दुरुस्त करते, पण आकार तसाच बिघडलेला ठेवते, आणि दिशा बरोबर दिसल्यामुळे त्या आकारावर लोकांचा विश्वास बसतो.

बिघाड कसा ते पाहू. समजा, २०२२-२३ मध्ये तोटा ३०६ ऐवजी २०६ कोटी झाला असता. ५४ हजार कोटींहून अधिक महसूल असलेल्या कंपनीत शंभर कोटी इकडे-तिकडे होणे ही किरकोळ गोष्ट. इंधनाचा भाव किंवा डॉलरचा दर थोडा हलला तरी तेवढे होते. पुढच्या वर्षीचा नफा तोच, ८,१७२ कोटी. आता सुधारणा ८,४७८ कोटींऐवजी ८,३७८ कोटींची आहे, म्हणजे थोडी कमी. `ABS` चे सूत्र मात्र सांगते ४,०६७ टक्के. सुधारणा कमी झाली आणि ‘वाढ’ जवळजवळ दीडपट झाली. तोटा अवघा ६ कोटी असता तर हेच सूत्र १,३६,३०० टक्के म्हणाले असते.

मागच्या वर्षीचा तोटा शून्याच्या जितका जवळ, तितका टक्का अवाढव्य. जो आकडा छोट्या सुधारणेला मोठे आणि मोठ्या सुधारणेला छोटे दाखवतो, तो कंपनीबद्दल काही सांगत नाही. तो फक्त मागच्या वर्षीचा आकडा शून्याच्या किती जवळ होता, तेवढेच सांगतो.

याच कंपनीची लागोपाठची दोन वर्षे शेजारी ठेवा, म्हणजे गोष्ट आणखी स्पष्ट होईल. २०२२-२३ मध्ये सुधारणा ५,८५६ कोटींची, `ABS` च्या सूत्राने ९५ टक्के. २०२३-२४ मध्ये सुधारणा ८,४७८ कोटींची, त्याच सूत्राने २,७७१ टक्के. रुपयांत पाहिले तर दुसरी सुधारणा पहिलीच्या दीडपटीहूनही थोडी कमी आहे. टक्क्यांत ती एकोणतीसपट दिसते. असा रकाना हाती घेऊन कुणी दोन वर्षांची तुलना केली, तर त्याचा निष्कर्ष चुकणारच.

म्हणून टक्क्याच्या रकान्यात लिहायचे ‘तोट्यातून नफा’. आकडा नाही. त्याच्या शेजारी दोन्ही रकमा ठेवायच्या. निकालांच्या तक्त्यांत अशा जागी आडवी रेघ किंवा ‘लागू नाही’ असेही लिहिलेले दिसते. ते चूक नाही, पण शब्द अधिक उपयोगाचे, कारण रेघ पाहून माहिती मिळाली नाही की टक्का अर्थपूर्ण नाही, ते समजत नाही.

नफ्यातून तोटा

उलट दिशेचे प्रकरण जरा वेगळे आहे, कारण इथे भाजक अधिक असतो. गणित नियमात बसते आणि चिन्हही बरोबर येते. प्रश्न असतो तो आकडा वाचण्याचा. मूळ रक्कम पूर्ण संपली की घट शंभर टक्के होते. त्यापुढे गेलेला प्रत्येक टक्का शून्याच्या खालचा असतो, आणि तिथे ‘घट’ हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात नीट बसत नाही.

याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण नफ्याचे नसून भावाचे आहे. २० एप्रिल २०२० रोजी न्यूयॉर्कच्या बाजारात डब्ल्यूटीआय कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. आदल्या सत्रात तो १८.२७ डॉलर होता. टाळेबंदीमुळे तेलाला मागणी नव्हती, साठवायला जागा उरली नव्हती आणि वायद्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती, त्यामुळे तेल हातात येऊ नये म्हणून लोक पैसे द्यायला तयार झाले. सूत्राप्रमाणे ही घसरण ३०६ टक्के, आणि बातम्यांत ती तशीच छापली गेली. मुंबईच्या एमसीएक्सवरचा एप्रिलचा वायदाही बॅरलमागे उणे २,८८४ रुपये या भावाने निकाली निघाला आणि त्यावरून दलाल आणि एक्स्चेंज यांच्यात कोर्टकचेरीपर्यंत वाद गेला.

आता पुढचा दिवस पाहा. २१ एप्रिलला तोच वायदा १० डॉलर १ सेंटवर बंद झाला. भाव एका दिवसात ४७.६४ डॉलरने वर गेला. सूत्रात घाला, उत्तर येते उणे १२६.६ टक्के. पहिल्या दिवशी भाव पडला तेव्हाही उणे, दुसऱ्या दिवशी चढला तेव्हाही उणे. पहिला उणे बरोबर होता, दुसरा चूक, आणि नुसत्या आकड्यांकडे पाहून त्यांतला फरक कळत नाही. त्या दोन दिवसांची बातमी डॉलरमध्येच सांगता येते : आधी ५५.९० डॉलरने खाली, मग ४७.६४ डॉलरने वर.

कंपनीच्या नफ्याबाबतही मी हेच करते. ४० लाखांच्या नफ्यावरून १० लाखांचा तोटा झाला, तर ‘नफा १२५ टक्क्यांनी घटला’ हे विधान हिशेबाने खरे असले तरी वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. ‘४० लाखांचा नफा जाऊन १० लाखांचा तोटा’ म्हटले की सगळे कळते. म्हणून याही प्रकरणात रकान्यात शब्द लिहायचे : ‘नफ्यातून तोटा’.

मूळ आकडा शून्य असेल तर

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मारुती सुझुकीची देशांतर्गत विक्री शून्य होती. फक्त ६३२ गाड्या निर्यात झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये एकूण विक्री १,५९,९५५ गाड्यांची. देशांतर्गत विक्रीचा वार्षिक टक्का निघतच नाही. एकूण विक्रीचा काढायचा म्हटले तर ६३२ वर काढावा लागतो आणि येतो सुमारे २५,२०९ टक्के. कंपनीने त्या वेळी योग्य तेच केले. मागच्या वर्षाच्या एप्रिलशी तुलना करण्यात अर्थ नाही असे सांगून लगतच्या मार्च महिन्याशी तुलना दिली : १,६७,०१४ वरून १,५९,९५५, म्हणजे सुमारे ४ टक्के घट.

शून्य असले की पर्याय दोनच. एक, पाया बदलायचा, म्हणजे ज्या काळात व्यवहार नेहमीसारखा होता तो काळ तुलनेला घ्यायचा आणि कोणता घेतला ते स्पष्ट लिहायचे. दोन, टक्का न देता नुसती संख्या द्यायची. नवे दुकान, नवे उत्पादन, यंदाच सुरू झालेली शाखा, या सगळ्यांना दुसराच पर्याय लागू पडतो. तिथे रकान्यात ‘नवीन’ असे लिहिणे पुरेसे आहे.

काय करू नये, तेही सांगते. `#DIV/0!` दिसायला वाईट दिसते म्हणून पुष्कळ जण हे करतात :

```
=IFERROR((C2-B2)/B2,0)
```

त्रुटी गेली, पण तिच्या जागी आलेले शून्य ‘काहीच बदल झाला नाही’ असे सांगते. शून्यावरून दीड लाखावर गेलेली ओळ आणि जशीच्या तशी राहिलेली ओळ एकसारख्या दिसू लागतात. वर त्या रकान्याची सरासरी काढली तर हे खोटे शून्य सरासरीतही जाते. काहीजण त्याऐवजी १०० टक्के लिहितात. तेही निराधार, कारण १०० टक्के म्हणजे दुप्पट, आणि शून्याची दुप्पट शून्य. तिसरी युक्ती म्हणजे शून्याच्या जागी १ किंवा ०.०१ धरायचे. तेव्हा उत्तर कंपनीवर नाही, तर तुम्ही निवडलेल्या त्या इवल्याशा आकड्यावर ठरते.

मग तुलना करायची कशी?

टक्का देता येत नाही म्हणून तुलनाच करता येत नाही, असे नाही. नफा ही मुळात वजाबाकी आहे. महसुलातून खर्च वजा केला की उरते ते. वजाबाकीचे उत्तर शून्याच्या दोन्ही बाजूंना जाऊ शकते, म्हणून त्याचा टक्का डळमळतो. पण ज्यांची वजाबाकी केली ते महसूल आणि खर्च सहसा उणे होत नाहीत. त्यांचे टक्के बेलाशक काढा. इंडिगोचा महसूल २०२२-२३ मध्ये ११० टक्क्यांनी वाढला, म्हणजे दुपटीहून थोडा अधिक झाला, आणि २०२३-२४ मध्ये २६.६ टक्क्यांनी वाढला. हे आकडे भक्कम आहेत.

नफ्यासाठी भाजक बदला. मागच्या वर्षीच्या नफ्याने भागण्याऐवजी त्याच वर्षीच्या महसुलाने भागा. याला नफ्याचे प्रमाण किंवा मार्जिन म्हणतात. दर शंभर रुपयांच्या महसुलामागे किती उरले किंवा किती गेले, ते यात कळते. नफा उणे असला तरी भाजक अधिकच राहतो, त्यामुळे चिन्ह उलटत नाही आणि मागच्या वर्षीचा आकडा शून्याजवळ असल्याचा त्रासही होत नाही.

पाच वर्षांचे मार्जिन काढले तर असे येते : उणे ३९.७, उणे २३.८, उणे ०.६, अधिक ११.९ आणि अधिक ९.०. आता ही रांग नीट वाचा. २०२१-२२ मध्ये तोटा ६.१ टक्क्यांनी वाढला होता हे आपण पाहिले. पण त्याच वर्षी महसूल ७७ टक्क्यांनी वाढला, आणि शंभर रुपयांमागे जाणारे पैसे जवळपास ४० रुपयांवरून २४ रुपयांवर आले. रुपयांतला तोटा वाढत असतानाच धंदा सावरायला लागला होता. नुसत्या टक्केवारीच्या रकान्यात हे दिसत नाही, कोणतेही सूत्र वापरा.

पुढे पाहा. २०२२-२३ मध्ये मार्जिन उणे २३.८ वरून उणे ०.६ वर आले, म्हणजे २३.२ ने सुधारले. २०२३-२४ मध्ये उणे ०.६ वरून ११.९ वर, म्हणजे १२.५ ने. मार्जिनच्या हिशेबात पहिली झेप जवळजवळ दुप्पट मोठी आहे. `ABS` च्या सूत्राने मात्र दुसरी झेप एकोणतीसपट ठरवली होती. दोन्ही हिशेब त्याच आकड्यांवरून केलेले आहेत. कंपनी कधी आणि किती सावरली हे कळायचे असेल, तर मार्जिनची रांगच उपयोगी पडते.

मार्जिनच्या या फरकाला मात्र ‘टक्क्यांनी वाढले’ म्हणू नका. तो दोन टक्केवाऱ्यांमधला फरक आहे, त्याला टक्केवारी बिंदू म्हणतात. शब्द अडखळत असेल तर ‘उणे ०.६ टक्क्यावरून ११.९ टक्क्यांवर’ असे दोन्ही आकडे सांगावेत, ते केव्हाही सुरक्षित. आणि मार्जिनच्याच टक्केवारीतला बदल काढायचा मोह झाला, तर तिथेही मूळ आकडा उणे आहे हे लक्षात घ्या. तीच अडचण मागच्या दाराने परत येते.

मार्जिनलाही मर्यादा आहे. ज्या कंपनीचा महसूलच जवळजवळ नाही, उदाहरणार्थ कारखाना उभारणीच्या टप्प्यात असलेली कंपनी, तिथे मार्जिनसुद्धा असाच भरकटतो. अशा वेळी रुपयांतला फरक सांगून थांबावे.

अनेक वर्षांची सरासरी वार्षिक वाढ, म्हणजे सीएजीआर, काढणाऱ्यांनाही हाच अडसर लागतो. उणे ६,१६२ वरून ८,१७२ पर्यंत दोन वर्षांचा सीएजीआर काढायला गेलात तर उणे संख्येचे वर्गमूळ काढावे लागते आणि एक्सेल `#NUM!` दाखवते. ते बरोबरच आहे. आरंभाचे वर्ष नफ्याचे असेल तरच सीएजीआर काढा. मात्र आकडा चांगला दिसावा म्हणून सोयीचे वर्ष शोधत बसू नका.

शीटमध्ये बसवायचे सूत्र

`B` रकान्यात मागचे वर्ष आणि `C` रकान्यात चालू वर्ष धरले, तर वरची सगळी प्रकरणे एका सूत्रात अशी बसतात :

```
=IF(OR(B2="",C2=""),"माहिती नाही",
 IF(B2=0,"लागू नाही",
 IF(AND(B2<0,C2>0),"तोट्यातून नफा",
 IF(AND(B2>0,C2<0),"नफ्यातून तोटा",
 IF(B2<0,
  IF(C2<B2,"तोटा वाढला "&TEXT((C2-B2)/B2,"0.0%"),
           "तोटा घटला "&TEXT((B2-C2)/B2,"0.0%")),
 (C2-B2)/B2)))))
```

हे बसवल्यावर तपासायला इंडिगोचेच आकडे घाला. -5806 आणि -6162 घातल्यावर ‘तोटा वाढला 6.1%’, -6162 आणि -306 ला ‘तोटा घटला 95.0%’, -306 आणि 8172 ला ‘तोट्यातून नफा’, आणि 8172 व 7258 ला उणे ११.२ टक्के यायला हवेत. शेवटचे उत्तर दशांशात दिसले तर चौकटीला टक्क्याचे स्वरूप द्या. `D` मध्ये हे सूत्र, `E` मध्ये `=C2-B2` म्हणजे रुपयांतला फरक, आणि पुढच्या दोन रकान्यांत दोन्ही वर्षांचे मार्जिन ठेवले की एका कंपनीची ओळ पूर्ण होते.

एक काळजी राहते ती रकाना वापरण्याची. `D` मध्ये आता काही ठिकाणी आकडे आणि काही ठिकाणी मजकूर आहे. `AVERAGE` मजकूर सोडून देते, त्यामुळे सरासरी फक्त ज्यांना दोन्ही वर्षी नफा झाला त्यांचीच येते, आणि हे सरासरीच्या खाली लिहायला हवे. क्रम लावताना मजकुराच्या ओळी आकड्यांपासून वेगळ्या जाऊन बसतात. तोट्यातून नफ्यात आलेल्या कंपन्या ‘सर्वाधिक वाढ’च्या यादीत मिसळायच्याच नाहीत. त्यांची वेगळी यादी करायची आणि तिचा क्रम `E` वरून किंवा मार्जिनमधल्या फरकावरून लावायचा. रुपयांवरून लावला तर मोठ्या कंपन्या वर येतील, मार्जिनवरून लावला तर ज्यांच्या धंद्याची घडी जास्त बदलली त्या. तुम्हाला नेमके काय विचारायचे आहे, त्यावर यांतला एक निवडा आणि यादीच्या शीर्षकातच तो लिहा.

अगदी छोट्या नफ्यावरच्या टक्क्यांकडेही असेच पाहायला हवे. मूळ आकडा अधिक आहे म्हणून सूत्र अडत नाही, पण २ लाखांचा नफा ९० लाखांवर गेला की ४,४०० टक्के येतात आणि तो आकडा ६३२ गाड्यांच्या टक्क्यासारखाच पोकळ असतो. मी शीटमध्ये मर्यादा ठेवते. टक्का ५०० च्या पुढे गेला की तो न छापता दोन्ही रकमा छापायच्या. ५०० हा आकडा काही शास्त्राने ठरलेला नाही, तुम्ही ३०० ठेवा किंवा १,००० ठेवा. फक्त तो सगळ्या कंपन्यांना सारखा लावा आणि तक्त्याच्या खाली लिहून ठेवा.